काटा पाहून उडी

रुपचंद नेहेते सर आमच्या सावद्याच्या शाळेत एकवीस वर्षं पी.टी. शिकवत होते आणि त्यातली पहिली दहा वर्षं मी त्यांच्याशी धड बोलले नव्हते. कारण त्यांची शिट्टी. मी भूगोल शिकवायची आणि माझा वर्ग मैदानाच्या अंगाला. मी अरबी समुद्रावरून मोठ्या कष्टानं वारे आणावेत, सह्याद्रीला धडकवावेत, आणि नेमका पाऊस पडायच्या वेळी खिडकीतून फुर्रर्र! पोरं हसायची. मग मी खिडकीत जाऊन ओरडायची. माझ्या ओरडण्याची ख्याती स्टेशन रोडपर्यंत होती, हे मी अभिमानानं नाही तरी नाकारतही नाही.

सर बुटके, काळेसावळे, पायांत कायम पांढरे कॅनव्हासचे बूट. बूट पांढरे राहावेत म्हणून वर्गातल्या खडूचे तुकडे गोळा करून रोज घासायचे. बोलणं थोडं, पण जे बोलतील ते ठाम. चुकले तरी ठामच. त्या ठामपणाचा मला राग यायचा. पुढे त्याच ठामपणाचं मला कौतुक वाटायला लागलं, ती ही गोष्ट.

सत्याऐंशीच्या उन्हाळ्यात सर अमरावतीला क्रीडाशिक्षकांच्या शिबिराला गेले. सहा आठवड्यांनी आले ते दोनशे पानी वही घेऊन. तोवर पी.टी.चा मास्तर लिहितो हेच कोणाला ठाऊक नव्हतं. शिबिरात कोणी प्राध्यापक भेटले होते. त्यांनी शिकवलं होतं की खेळाडू नुसत्या पायांनी पळत नाही, मनानंही पळतो, आणि मनाचाही सराव घेता येतो. पहिली दोन कौशल्यं शाळेतल्या पोरांना सहज शिकवता येतात. एक, उद्दिष्ट कसं ठरवायचं. दोन, अंगात चढलेला जोश आपल्या ताब्यात कसा ठेवायचा. जास्त झाला तर उतरवायचा कसा, कमी पडला तर चढवायचा कसा.

शिक्षकांच्या खोलीत सरांनी हे सांगितलं तेव्हा मी म्हणाले, "सर, आपल्या पोरींना धड बूट नाहीत, आणि तुम्ही मनाला बूट घालायला निघालात."

"कुंदाबाई," सर म्हणाले, "मनाच्या बुटाला दुकान लागत नाही."

मी गप्प बसले. मला गप्प बसवणारी माणसं थोडी आहेत, म्हणून तारीख लक्षात आहे. तेरा जून.

मी या भानगडीत पडले ते नियमामुळे. मुलींचा संघ बाहेरगावी जायचा तर सोबत बाई हवी. शाळेत आम्ही तिघी. एकीचं मूल तान्हं, दुसरीच्या सासूला पसंत नाही. राहिले मी, एकटी आणि तोंडाची फाटकी. मुख्याध्यापकांनी माझं नाव लिहून टाकलं, मला विचारलंसुद्धा नाही.

आमच्या संघात मोजक्या पोरी होत्या. त्यात दोन खऱ्या. एक इंदिरा, गोळाफेक करणारी. अंगानं भरलेली, स्वभावानं लोण्याचा गोळा, कोणी काही म्हटलं तरी हसणार. दुसरी बेबा. कौतिक भंगाळेंची मुलगी, नववीतली, लांब उडी मारायची. सडपातळ, पाय लांब, डोळे मोठे आणि कायम भेदरलेले. कौतिकभाऊंची तीन एकर केळी. ही पोरगी बागेतल्या पाण्याच्या पाटांवरून उड्या मारत वाढली आणि त्याच उड्या सरांच्या नजरेला पडल्या. तेव्हा ती चार मीटर बावन्न उडायची. जिल्ह्याला चार पंचाऐंशी उडालं की पहिल्या दोघींत नंबर, असा सरांचा अंदाज.

आता सरांनी काय केलं ते ऐका, कारण ही चूक आमच्या गावातच होऊ शकते.

सावद्यात केळीच्या फळविक्री संस्थेबाहेर एक मोठा काळा फळा आहे. रोज सकाळी संस्थेचा कारकून पितांबर त्यावर केळीचा भाव लिहितो. अख्खं गाव तिथं थांबतं. वाचता न येणाराही मान वर करून उभा राहतो. सरांच्या वहीत लिहिलं होतं, 'उद्दिष्ट स्पष्ट, मोजता येणारं आणि लिहिलेलं असावं.' सरांना वाटलं, लिहायचंच तर जिथं सगळं गाव वाचतं तिथं लिहावं. पितांबरला पटवून त्यांनी फळ्याचा खालचा हातभर तुकडा मिळवला. वर केळीचा भाव आणि खाली:

बेबा भंगाळे, लांब उडी. उद्दिष्ट ४.८५. काल ४.५५.

इंदिराचंही असंच खाली. रोज नवा आकडा. गावाला तर मेजवानीच झाली. केळीचा भाव पाहायला आलेला माणूस बेबाचा भावही पाहून जाऊ लागला.

"काय वं बेबा, आज उतरली का?"

"कालच्याहून तीन कमी! खत कमी पडलं का काय?"

"कौतिक, तुह्या पोरीचा भाव कधी चढन?"

इंदिरा हसून "चढन हो काका" म्हणायची आणि पेरू खात पुढे जायची. बेबा खाली मान घालून फळ्याजवळून जायची. पुढे पुढे ती मागच्या गल्लीनं शाळेत यायला लागली. मी हे पाहिलं होतं, पण सरांना सांगितलं नाही. पी.टी.च्या कारभारात भूगोलानं नाक खुपसू नये, असं तेव्हा मला वाटायचं. ती माझी चूक.

जोश ताब्यात ठेवायचा धडाही सुरू होता. शाळा सुटल्यावर सर सगळ्यांना व्हरांड्यात सतरंजीवर झोपवायचे. मुठी घट्ट आवळा, सोडा. खांदे आवळा, सोडा. नाकानं चार मोजेपर्यंत श्वास घ्या, आठ मोजेपर्यंत तोंडानं हळूहळू सोडा. तिसऱ्या दिवशी इंदिरा घोरायला लागली. तिला उठवून गोळा फेकायला लावला तर तो नेहमीपेक्षा हातभर अलीकडे पडला. सर म्हणाले, सवय नाही अजून. मी म्हणाले, झोपायची तर चांगलीच सवय दिसते.

सप्टेंबरात जळगावला जिल्हा स्पर्धा. निघताना शाळेनं आपली रीत पाळली. ढोलताशा आला, पोरींना कुंकू लागलं, नारळ फुटला, आणि मुख्याध्यापकांनी अर्धा तास भाषण केलं. "शाळेची अब्रू तुमच्या हातात आहे! सारं गाव तुमच्याकडे डोळे लावून बसलंय!" बेबाचे ओठ पांढरे पडले होते. 

लांब उडीत आधी प्रत्येकीला तीन-तीन संधी असतात. धावत यायचं, जमिनीत बसवलेल्या लाकडी फळीवर पाय देऊन उडायचं. पाय फळीच्या पुढच्या कडेपलीकडे गेला की लाल झेंडा, ती उडी बाद; नाही गेला तर पांढरा. तिन्ही बाद झाल्या की खेळ संपला, घरी जा.

बेबा पहिल्यांदा पळाली. लाल. दुसऱ्यांदा पळाली. लाल. तिसऱ्या वेळी दोराबाहेरून सर ओरडले, "जोर लाव बेबा! चार पंचाऐंशी!" तिनं सरांकडे पाहिलं, दात आवळले आणि वाघ मागे लागल्यासारखी पळाली. पाय वीतभर पुढे पडला. लाल.

येताना गाडीत ती रडली नाही, त्याचीच मला भीती वाटली. दुसऱ्या दिवशी ती शिक्षकांच्या खोलीच्या दारात आली. शाळेतून मिळालेले, तळाला काटे असलेले बूट वर्तमानपत्रात गुंडाळून सरांच्या टेबलावर ठेवले आणि म्हणाली, "सर, फळ्यावरचं माहं नाव पुसून टाका. मी आता उडी मारनार नाही."

सरांनी बूट कपाटात ठेवले. ती गेल्यावर मी बोलले, आणि पोटभर बोलले. फळा, गल्ली, पांढरे ओठ, सगळं ऐकवलं. सरांनी मान खाली घालून ऐकून घेतलं. मग म्हणाले, "बाई, हे तुम्हाला दिसत होतं तर आधी का नाही सांगितलं?"



दुसऱ्या दिवशी सकाळी, ऐन गर्दीच्या वेळी, सर संस्थेपुढे गेले आणि पितांबरच्या हातातलं फडकं घेऊन त्यांनी फळ्याचा खालचा तुकडा पुसला. लोक म्हणाले, "काय झालं मास्तर?" सर म्हणाले, "चूक झाली. पोरी म्हणजे केळी नाहीत. चूक माझी आहे, पोरीची नाही." चारचौघांत असं म्हणणारा मास्तर मी तोवर पाहिला नव्हता.

संध्याकाळी मला घेऊन ते कौतिकभाऊंच्या मळ्यात गेले. बेबा आम्हाला पाहून केळीच्या आड झाली. कौतिकभाऊ पाण्याच्या मोटारीच्या खोपीत होते. वीज येऊन पाचच मिनिटं झाली होती, पण त्यांनी अजून मोटार सुरू केली नव्हती. बटनावर बोट ठेवून स्टार्टरच्या डब्यावरच्या काट्याकडे पाहत उभे होते.

"चालू करा की," मी म्हणाले.

"थांबा बाई. व्होल्टेज वर-खाली व्हतंय. काटा जाग्यावर येऊ द्या. कमी असलं तरी मोटार जयते, धूर काढते, जास्ती आलं तरी जयते. लोकं समजता का कमीनंच जयते."

सरांनी वही उघडली. एका पानावर एक डोंगर काढलेला होता. चढ, माथा, उतार. शिबिरातल्या प्राध्यापकांनी फळ्यावर काढलेला. जोश वाढतो तसा खेळ सुधारतो, पण एका ठिकाणापर्यंतच. त्यापुढे जोश वाढला की खेळ घसरतो. "हे पान मी उतरवून आणलं," सर म्हणाले, "पण शिकवलं अर्धंच. नुसता जोर लाव जोर लाव करत बसलो."

कौतिकभाऊंनी डोंगर निरखून पाहिला. "हे तं माह्या मोटारीचंच हाये सर. पन एक सांगू? बठ्ठ्या मोटारींचा काटा एका जाग्यावर नसतो. माही पाच हॉर्सपॉवरची हाये. तिकडं पाटलाची साडेसातची, तिले जास्ती ओढ लागते."

सर खोपीतल्या खाटेवर बसले.  "इंदिरा," ते म्हणाले. "इंदिराला मी झोपवत होतो. तिला उलट चढवायला पाहिजे होतं."

मग त्यांनी केळीच्या ओळींकडे तोंड करून मोठ्यानं सांगितलं, "बेबा, नाव पुसलं मी. चूक माझी होती. तू उडी मार म्हणून मी सांगायला आलो नाही. तुझा काटा कुठं असतो तो शोधायला आलो. तुला वाटलं तर ये. नाही वाटलं तर बूट माझ्याकडे आहेत, जपून ठेवतो."

ती आली नाही. दुसऱ्या दिवशीही नाही. नवव्या दिवशी शाळा सुटल्यावर ती मैदानाच्या कडेला उभी दिसली. सरांनी तिला हाक मारली नाही, मीही नाही. थोड्या वेळानं ती स्वतःच आली आणि म्हणाली, "फळ्यावर नाही ना लिवनार?"

"नाही. तू लिही. तुझ्याच वहीत. मला दाखवायचं तर दाखव."

तिथून पुढचं वर्षभर मी जे पाहिलं त्यात जादू अशी काहीच नव्हती, आणि म्हणूनच मला ते पटलं. प्रत्येकीनं आपल्या वहीत तीन गोष्टी लिहायच्या. वर्षाअखेरीस कुठं पोचायचं आहे. या महिन्यात किती. आणि या आठवड्यात नेमकं काय करायचं. 'पहिला नंबर' हा शब्द आठवड्याच्या पानावर चालायचा नाही. सर म्हणायचे, "पहिला नंबर दुसऱ्याच्या पायावरही असतो. दुसरी किती उडणार ते तुझ्या हातात आहे का? तुझ्या हातात तुझा पाय." म्हणून बेबानं लिहिलं, 'दहा धावांपैकी पाच वेळा पाय फळीवर, पुढे नाही.' उडीचा आकडा त्या आठवड्यात मोजायचाच नाही. दर शनिवारी वही उघडायची. झालं असलं तर पाचाचे सहा करायचे. नाही झालं तर रडायचं नाही, पाचाचे चार करायचे आणि कुठं अडलं ते लिहायचं. दिवाळीपर्यंत बेबाचे पाचाचे आठ झाले.

दुसरं, काटा. प्रत्येक उडीच्या आधी सर विचारायचे, "काटा किती?" पोरीनं एक ते दहातला आकडा सांगायचा. एक म्हणजे झोप, दहा म्हणजे हातपाय थरथर. उडी झाली की आकडा आणि उडी शेजारी शेजारी लिहायची. दोन महिन्यांत चित्र लख्ख दिसलं. बेबाच्या चांगल्या उड्या पाच-सहावर. आठच्या वर काटा गेला की धावताना पावलं लांब पडायची आणि पाय फळीपलीकडे. इंदिराचं उलटं. चारवर तिचा गोळा पडून जायचा, आठवर हात सुटायचा. म्हणून इंदिराला सर फेकीआधी जागच्या जागी उड्या मारायला लावत, मांड्यांवर चापट्या, भराभर श्वास, आणि तोंडानं "फोड! फोड!" बेबाला मात्र उलटं. श्वास चार मोजून आत, आठ मोजून बाहेर, मुठी आवळून सोडायच्या, खांदे पाडायचे, आणि मनात एकच शब्द, 'फळी'. आधी हे सतरंजीवर आडवं पडून, मग बसून, मग उभं राहून, आणि शेवटी धावायच्या खुणेवर उभं राहून वीस सेकंदांत. काटा खाली यायला आधी पाच मिनिटं लागत. फेब्रुवारीपर्यंत दोन श्वासांत यायला लागला.

"पण इथं शांतता आहे," सर एकदा म्हणाले. "स्पर्धेत गोंगाट असतो. बाई, तुम्ही ओरडाल का?"

 दहा वर्षं ज्या आवाजाबद्दल लोक मला नावं ठेवत होते, तो आवाज कोणी मागून घेतला तो हा पहिलाच. मग काय विचारता! बेबा खुणेवर उभी राहिली की मी दोराजवळ उभी राहून घसा फोडायची. "चुकणार! चुकणार! सारं गाव बघतंय! अब्रू गेली!" पहिल्या दिवशी ती रडली. दुसऱ्या दिवशी तिचा पाय वीतभर पुढे पडला. महिन्याभरानं ती माझ्या तोंडावर हसून म्हणाली, "बाई, दम घ्या. तुमचा काटा दहावर गेला," आणि फळीवर पाय ठेवून उडाली.

एक खोड मात्र जात नव्हती. खुणेवरून निघताना ती सरांकडे बघायचीच. सरांचा चेहरा बघितल्याशिवाय पाय उचलायचा नाही. सर त्यावर काही बोलत नसत, पण ते त्यांना खुपत होतं.

ज्या दिवशी पोरींनी वर्षाची उद्दिष्टं लिहिली, त्या दिवशी सरांनी मलाही कागद दिला. मी लिहिलं, 'बाहेरगावी पंचांवर ओरडायचं नाही.' सरांनीही काहीतरी लिहिलं, घडी घातली आणि टाचणी लावून वहीच्या शेवटच्या पानात ठेवलं. मी विचारलं, तर म्हणाले, "माझं माझ्यापाशी."

अठ्ठ्याऐंशीला बेबा दहावीत. सतरा वर्षांखालच्या गटात तिचं हे शेवटचं वर्ष. जिल्ह्याला ती चार एक्याऐंशी उडून दुसरी आली. इंदिरा पहिली. आता नोव्हेंबरात धुळ्याला विभागीय स्पर्धा. तिथल्या पहिल्या दोघी राज्याला जाणार. या वेळी ढोलताशा नको, असं सर मुख्याध्यापकांना सांगायला गेले. "रीत आहे," मुख्याध्यापक म्हणाले. "राज्याचं तिकीट घेऊन आलो की वाजवा," सर म्हणाले आणि आम्ही सकाळच्या एस.टी.नं गुपचूप निघालो.

धुळ्याचं मैदान मोठं, लोक खच्चून. चार जिल्ह्यांच्या पोरी, कोणाचे बूट नवे, कोणाच्या छातीवर नावं छापलेली. इंदिरानं सकाळीच गोळा फेकला, तिसरी आली, आणि "पुढच्या वर्षी पाहू" म्हणून केळं सोलत बसली. तिचं अजून एक वर्ष होतं. बेबाचं नव्हतं.

पाठीमागून वारा होता. पहिली उडी. काटा आधीच आठ असावा. ती पळाली, पावलं लांब पडली आणि लाल झेंडा. दुसरी. चार बोटांनी पुढे. लाल. पंचाजवळ उभ्या असलेल्या एका गृहस्थानं दोराकडे येऊन सगळ्यांना दटावलं, "भाऊ, बठ्ठा मांगे सरका, उडी चालू शे ना!" मी तोंडावर पदर दाबून धरला होता. माझ्या कागदावर जे लिहिलं होतं त्याची कसोटी तेव्हा लागत होती.

आता एकच उडी. ही गेली की जळगावचंच पुन्हा, आणि यापुढे नवव्या दिवशी परत यायला वर्षच उरलेलं नव्हतं. मला स्वच्छ कळत होतं की ही पोरगी तिसरा लाल झेंडा घेऊन गेली, तर आयुष्यभर ती लाल झेंडा घेऊनच चालेल.

मधल्या वेळात बेबा दोराकडे आली. सर उभे होते. पांढरे बूट एकावर एक घासत, शिट्टी दातांत धरलेली, कपाळावर घाम. तोंड उघडणार, एवढ्यात बेबानं विचारलं,

"सर, तुमचा काटा किती?"

सरांनी शिट्टी तोंडातून काढली. खोटं बोलणं त्यांच्या स्वभावात नव्हतं. "नऊ," ते म्हणाले. मग म्हणाले, "साडेनऊ."

"माहा सात हाये. मी खाली आनते. वारा मागून येऊन राह्यला, मी खूण दीड पाऊल मागं घेते." तिनं लिंबाच्या झाडाकडे बोट केलं. "सर, तुमी तिकडं तोंड करून बसा. तुमच्याकडे पाहिलं की माहा चढतो."

अकरा वर्षं नोकरी केलेला मास्तर, आणि पोरगी त्याला म्हणते तिकडं तोंड कर. दुसरा कोणी असता तर तिथंच कान धरला असता. सर मुकाट्यानं वळले, दोराकडे पाठ करून लिंबाच्या झाडाखाली मांडी घालून बसले, आणि चार मोजून श्वास आत घ्यायला लागले.

बेबानं खूण मागं घेतली. तिथं उभी राहिली. एक श्वास, लांब. दुसरा श्वास, त्याहून लांब. मुठी आवळल्या, सोडल्या. खांदे खाली आले ते मला दोराजवळून दिसलं. ओठ हलले. तिनं कुठंच पाहिलं नाही, ना झाडाकडे, ना माझ्याकडे. निघाली. पावलं एकसारखी, मोजल्यासारखी. पाय पडला, आणि ती हवेत होती.

सर पाठमोरेच. "बाई," ते म्हणाले, "झेंडा?"

मी झेंडा पुन्हा पाहून घेतला. "पांढरा."

"किती?"

"चार शहात्तर."

एवढ्यानं ती पहिल्या आठ जणींत आली आणि तिला आणखी तीन उड्या मिळाल्या. त्याही सरांनी पाहिल्या नाहीत. मी जवळ जाऊन जाऊन सांगत होते, तरी ते वळले नाहीत. "तिनं बस म्हटलंय," म्हणाले. पाचव्या उडीला बेबा चार मीटर नव्वद उडाली. नाशिकची पोरगी पहिली, आमची बेबा दुसरी. राज्याला जाणार. तेव्हा मात्र मी ओरडले. पंचांवर नव्हे, म्हणून माझं कागदावरचं मोडलं असं मी मानत नाही.

बेबा धावत आली ती थेट झाडाकडे. "सर, आता वळा."

सर वळले. डोळे लाल होते. त्यांनी पिशवीतून वही काढली, शेवटच्या पानातला टाचणी लावलेला कागद सोडवला आणि तिच्या हातात दिला. वर तारीख होती वर्षभरापूर्वीची. खाली सरांच्या जाड अक्षरात एकच ओळ:

'बेबानं एक तरी उडी माझ्याकडे न पाहता मारावी.'

बेबानं तो वाचला. मग खिशातून पेन्सिल काढली, सर ज्या पद्धतीनं पोरींच्या वह्यांत शनिवारी करायचे तशी त्या ओळीपुढे बरोबरची खूण केली, आणि खाली लिहिलं, 'चार उड्या.'

सावद्याला परतलो तेव्हा स्टँडवर ढोलताशा वाजत होता आणि संस्थेच्या फळ्यावर पितांबरनं, कोणालाही न विचारता, केळीच्या भावाखाली मोठ्या अक्षरांत लिहून ठेवलं होतं, 'बेबा, ४.९०.' सर फडकं शोधायला लागले. बेबानं त्यांचा हात धरला.

"राहू द्या सर," ती म्हणाली. "आता वाचू द्या लोकाईले. माहा काटा पाचवर हाये."